डिस्चार्जच्या दिवशी खिशातून नक्की किती जातात? डिडक्टिबल आणि को-पे, दोन्ही एकदा नीट समजून घेऊ

आरोग्य विम्याचं कॅशलेस मंजूर झालं असा मेसेज आला की घरातले सगळे निवांत होतात, आणि मग डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवरून निरोप येतो की अजून ऐंशी हजार भरा मग गेटपास मिळेल. तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की अहो पण पॉलिसी तर पाच लाखांची आहे ना, बिल तर तीन लाखांचंच झालंय, मग आमच्याकडून पैसे कसले? टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था, तिच्या डेस्कवरचा माणूस घाईत सांगतो, "तुमच्या पॉलिसीत को-पे आहे" किंवा "डिडक्टिबल आहे", आणि बऱ्याच जणांना वाटतं की दोन्ही एकच, काहीतरी कट होतं एवढंच. तसं नाहीये. दोन्हींमध्ये आपल्या खिशातून पैसे जातात हे खरं, पण किती जातात, कधी जातात आणि वर्षातून किती वेळा जातात हे पूर्ण वेगळं आहे.

आधी सरळ अर्थ.

डिडक्टिबल म्हणजे रुपयांमध्ये ठरलेली एक रक्कम. समजा ५०,००० चं डिडक्टिबल आहे, तर मान्य झालेल्या खर्चातले पहिले ५०,००० तुमचे, त्याच्यावर जे होईल ते सम इन्शुअर्डच्या, म्हणजे पॉलिसी जेवढ्या रकमेची आहे त्या मर्यादेपर्यंत कंपनीचं. बिल एक लाखाचं असो की पाच लाखांचं, तुमचा आकडा तोच राहतो.

को-पे म्हणजे टक्केवारी. २०% को-पे असेल तर मान्य झालेल्या खर्चातल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे वीस तुमचे आणि ऐंशी कंपनीचे, पहिल्या रुपयापासून शेवटच्या रुपयापर्यंत. बिल वाढलं की तुमचा वाटाही वाढतो, त्याला वर कुठे छत नाही.

दोन्हीत "मान्य झालेला खर्च" हे शब्द आलेत बघा, सगळी गोम तिथेच आहे. कंपनीच्या मंजुरीच्या पत्रावर त्याला ॲडमिसिबल अमाउंट म्हणतात. हॉस्पिटलचं पूर्ण बिल म्हणजे ॲडमिसिबल अमाउंट नव्हे. बिलातून आधी ग्लोव्हज, मास्क, डायपर, रजिस्ट्रेशन चार्ज, नातेवाईकाचं जेवण असल्या नॉन-मेडिकल गोष्टी बाजूला काढल्या जातात (कन्झ्युमेबल्सचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर यातल्या बऱ्याच गोष्टी मिळतात). मग पॉलिसीत रूम भाड्याची किंवा ठराविक आजाराची मर्यादा असेल तर ती लागते. हे सगळं झाल्यावर जे उरतं त्याच्यावर डिडक्टिबल किंवा को-पे चालतं. म्हणजे डिस्चार्जला तुम्ही जे भरता त्यात दोन वेगळे ढीग असतात, एक जे मान्यच झालं नाही ते, आणि दुसरा मान्य झालेल्यातला तुमचा वाटा. लोक फक्त दुसरा ढीग धरून हिशोब करतात म्हणून काउंटरवर आकडा जुळत नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा पुण्यातल्या एका काकूंची अँजिओप्लास्टी झाली, वय ६६, सम इन्शुअर्ड ५ लाख. हॉस्पिटलचं बिल ३,२०,०००. त्यातले २०,००० नॉन-मेडिकल म्हणून अमान्य झाले, रूम मर्यादेत होती. राहिले ३,००,०००, ही ॲडमिसिबल अमाउंट.

काकूंच्या पॉलिसीत २०% को-पे असेल तर ३,००,००० चे २०% म्हणजे ६०,००० त्यांचे. वर अमान्य झालेले २०,०००. डिस्चार्जला एकूण ८०,००० भरायचे, कंपनी देणार २,४०,०००. ॲडमिशनच्या वेळी ३०,००० डिपॉझिट भरलं असेल तर ते वजा होऊन काउंटरवर ५०,००० मागतील. इथेही गोंधळ होतो, लोकांना वाटतं आपला वाटा ५०,००० होता, खरं तर तो ८०,००० च होता, फक्त तीस आधीच गेले होते.

को-पे नाही पण ५०,००० डिडक्टिबल आहे असं धरलं तर ५०,००० अधिक अमान्य २०,०००, म्हणजे ७०,००० भरायचे आणि कंपनीचे २,५०,०००.

दहा हजारांचाच फरक, मग एवढं काय त्यात? थांबा, बिल बदलून बघू. समजा त्याच काकूंना अँजिओप्लास्टी नाही तर डेंग्यू झाला, चार दिवस ॲडमिट, बिल ४४,०००, त्यात ४,००० अमान्य, म्हणजे ॲडमिसिबल ४०,०००. को-पे वाल्या पॉलिसीत ८,००० अधिक ४,०००, बारा हजारांत सुटका. डिडक्टिबल वाल्या पॉलिसीत ४०,००० हे ५०,००० च्या आतच आहे, त्यामुळे कंपनी एक रुपया देणार नाही, पूर्ण ४४,००० स्वतःचे.

म्हणजे छोट्या बिलात को-पे परवडतो आणि मोठ्या बिलात डिडक्टिबल. हे पारडं कुठे फिरतं ते काढणं सोपं आहे, डिडक्टिबलच्या रकमेला को-पेच्या टक्क्याने भागायचं. ५०,००० भागिले २०% म्हणजे २,५०,०००. मान्य खर्च अडीच लाखाच्या खाली असेल तर को-पे स्वस्त, वर गेला की डिडक्टिबल स्वस्त. मान्य खर्च ५ लाख झाला तर को-पेने एक लाख जातात आणि डिडक्टिबलने तेच पन्नास हजार. माझं स्वतःचं मत असं की ज्या घरात पन्नास हजार बाजूला ठेवता येतात त्यांनी प्रीमियम कमी करायला डिडक्टिबल घ्यावं, कारण सगळ्यात वाईट वेळी किती भरावं लागेल हे आधी माहीत असतं. को-पेमध्ये मोठं आजारपण आलं की तुमचा आकडाही त्याच्यासोबत पळत राहतो.

पण हे सगळं एका ॲडमिशनचं झालं. खरा फरक दुसऱ्या ॲडमिशनला दिसतो.

को-पे प्रत्येक क्लेमला लागतो. डेंग्यूला लागला, अँजिओप्लास्टीला लागला, डायलिसिस किंवा केमो सुरू असेल तर प्रत्येक सायकलला लागेल. डिडक्टिबलचं तसं नाही, ते कशावर मोजायचं हे पॉलिसीत लिहिलेलं असतं. एक प्रकार म्हणजे वार्षिक एकत्रित, इंग्रजीत ॲग्रिगेट म्हणतात तो. यात पॉलिसीच्या वर्षभरातला सगळा मान्य खर्च एकत्र मोजतात, आणि एकदा ५०,००० पूर्ण झाले की त्या वर्षी परत डिडक्टिबल नाही. दुसरा प्रकार दर क्लेमचा, यात प्रत्येक ॲडमिशनला पहिले ५०,००० पुन्हा तुमचे. टॉप-अप म्हणजे ठराविक रकमेच्या वरचा खर्च देणारी जास्तीची पॉलिसी, आणि सुपर टॉप-अप आणि साधा टॉप-अप यातला मुख्य फरक हाच आहे, सुपर टॉप-अपमध्ये वर्षाचा खर्च एकत्र धरतात आणि साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक क्लेम वेगळा. एजंट सांगताना नुसतं "टॉप-अप" म्हणतो म्हणून विचारून घ्या.

काकूंकडे परत येऊ. समजा एकाच पॉलिसी वर्षात आधी ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला आणि डिसेंबरमध्ये अँजिओप्लास्टी.

को-पे असेल तर बारा हजार आणि ऐंशी हजार, वर्षाचे ९२,०००.

वार्षिक डिडक्टिबल असेल तर डेंग्यूला ४४,००० गेले, पण त्यातले मान्य ४०,००० डिडक्टिबलच्या खात्यात जमा झाले, आता फक्त १०,००० बाकी. अँजिओप्लास्टीला तेवढे १०,००० आणि अमान्य २०,०००, डिस्चार्जला ३०,००० भरायचे. वर्षाचे ७४,०००.

दर क्लेमचं डिडक्टिबल असेल तर ४४,००० आणि परत ७०,०००, वर्षाचे १,१४,०००.

तीन पॉलिसी, तीच दोन आजारपणं, आणि डिसेंबरमधल्या डिस्चार्जचा आकडा ८०,०००, ३०,००० किंवा ७०,०००. आता लक्षात येईल की नुसतं "५०,००० डिडक्टिबल आहे" हे कळून अर्धीच गोष्ट कळते.

यात एक ठिकाणी लोकांचं हमखास नुकसान होतं. डेंग्यूच्या वेळी कंपनी काही देणार नाही हे माहीत असतं म्हणून घरचे म्हणतात कशाला कळवायचं, पैसे भरून मोकळे होतात, कागद इकडेतिकडे होतात. मग डिसेंबरमध्ये कंपनीच्या सिस्टिममध्ये त्या वर्षाचा खर्च शून्यच दिसतो आणि ते पूर्ण ५०,००० कापतात. तीस हजारांच्या जागी काउंटरवर ७०,००० भरावे लागतात. म्हणून वार्षिक डिडक्टिबल असेल तर छोटं ॲडमिशनही त्या वेळीच कंपनीला कळवा, पैसे मिळणार नसले तरी क्लेम टाका, आणि डिस्चार्ज समरी, आयटमवाईज फायनल बिल, पेमेंटच्या पावत्या, रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवा. आणि हे पण ध्यानात ठेवा की डिडक्टिबलमध्ये तुम्ही भरलेले सगळे पैसे मोजत नाहीत, फक्त मान्य होण्यासारखा खर्च मोजतात. वरच्या उदाहरणात ४४,००० भरले पण जमा झाले ४०,०००. पॉलिसी रिन्यू झाली की मीटर परत शून्यावर, त्यामुळे ऑगस्टचं आजारपण आणि पुढच्या वर्षीचं आजारपण यांची बेरीज होत नाही, मध्ये रिन्युअलची तारीख कुठे येते ते बघा.

आता रूमचं. पॉलिसीत रूम भाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही त्याहून महाग रूम घेतली तर नुसता भाड्यातला फरक कापत नाहीत, डॉक्टरांची फी, ओटी चार्ज, नर्सिंग असे रूमशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कमी करतात. (औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कापाकापी लावायची नाही असा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२० चा नियम आहे, आणि आयसीयूच्या चार्जेसनाही नाही. त्यामुळे पत्रात औषधांवर पण कट दिसला तर विचारा.) समजा काकूंनी वरची रूम घेतली आणि त्यामुळे आणखी ३०,००० अमान्य झाले. ॲडमिसिबल आता २,७०,०००. को-पे ५४,०००, पण अमान्य ५०,०००, एकूण १,०४,०००. को-पे कमी झाला पण भरायची रक्कम वाढली! पत्र वाचताना लोक को-पेच्या ओळीकडे बघतात आणि म्हणतात वीस टक्केच तर आहे, पण खरे पैसे त्याच्या वरच्या ओळीत गेलेले असतात.

पत्र म्हणजे कुठलं पत्र? डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटल फायनल बिल कंपनीला किंवा टीपीएला पाठवतं आणि तिकडून फायनल ॲप्रूव्हल लेटर येतं. २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे हे हॉस्पिटलची रिक्वेस्ट पोचल्यापासून तीन तासांत यायला पाहिजे, आणि त्याहून उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा चार्ज लावला तर तो विमा कंपनीने सोसायचा. हे लेटर काउंटरवर मागून घ्या, मोबाईलवर फोटो काढला तरी चालेल, आणि पैसे भरायच्या आधी वाचा. त्यात साधारण हे दिसतं: एकूण बिल, हॉस्पिटलने दिलेला डिस्काउंट, अमान्य रक्कम आणि तिची कारणं, को-पे, डिडक्टिबल, मंजूर रक्कम आणि पेशंटने भरायची रक्कम. सगळ्यात आधी बघायचं की को-पे कशावर लावलाय. तो मान्य रकमेवर पाहिजे, पूर्ण बिलावर नाही. काकूंच्या बिलात कोणी ३,२०,००० वर २०% लावले तर ६४,००० होतात, चार हजारांचा फरक तिथेच पडतो. कंपनीचा हॉस्पिटलशी करार असतो आणि त्या डिस्काउंटनंतर मान्य रक्कम ठरते, तेव्हा डिस्काउंट वजा व्हायच्या आधीच को-पे काढलाय का तेही बघा. आणि को-पे हॉस्पिटलने "सोडून" द्यावा असं कोणी सुचवलं, बिल थोडं फुगवून बसवतो म्हणाले, तर नको म्हणा, खोट्या बिलावर क्लेम अख्खा अडकू शकतो.

काही पॉलिसींमध्ये दोन्ही असतात, डिडक्टिबल पण आणि को-पे पण. तेव्हा आधी काय लावायचं यावर आकडा बदलतो. ॲडमिसिबल ३,००,००० घ्या. आधी डिडक्टिबल वजा केलं तर २,५०,००० राहिले, त्याचे ८०% म्हणजे कंपनी २,००,००० देणार. आधी को-पे लावला तर २,४०,०००, त्यातून ५०,००० गेले, कंपनी १,९०,००० देणार. दहा हजारांचा फरक, आणि दोन्ही पद्धती बाजारात आहेत. पॉलिसी वर्डिंगमध्ये क्लेम कुठल्या क्रमाने मोजायचा ते लिहिलेलं असतं, तो क्रम आणि लेटरमधला क्रम जुळतोय का एवढंच तपासायचं.

आता को-पे आपल्या पॉलिसीत आहे हेच कित्येकांना माहीत नसतं, कारण तो नेहमी सरसकट नसतो. साठी ओलांडल्यावर पॉलिसी घेतली तर काही कंपन्या को-पे लावतात. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत कर्मचाऱ्याला शून्य पण आई-वडिलांना १० किंवा २० टक्के असं बऱ्याच ठिकाणी असतं. काही पॉलिसीत नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलला लागतो. आणि एक झोनचा, म्हणजे लातूर किंवा सांगलीच्या पत्त्यावर कमी प्रीमियमची पॉलिसी घेतली आणि ऑपरेशन मुंबईत केलं तर काही पॉलिसींत त्यासाठी वेगळा को-पे आहे, गावाकडच्या पॉलिसीवर मुंबई-पुण्याला उपचार करणारे यात सापडतात. आरोग्य संजीवनी ही २०२० पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी स्टँडर्ड पॉलिसी, तिच्यात सगळ्यांनाच ५% को-पे आहे. तुमच्या पॉलिसीत काय आहे हे बघायला चाळीस पानं वाचायची गरज नाही, पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, सीआयएस म्हणतात त्याला, त्यात को-पे, डिडक्टिबल आणि सब-लिमिट म्हणजे रूम किंवा ठराविक आजारांच्या मर्यादा एकाच ठिकाणी दिलेले असतात. नसेल आलं तर कंपनीकडून मागा.

ज्यांच्याकडे ऑफिसची ३ लाखांची पॉलिसी आणि वर ३ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. इथे डिडक्टिबलचे ३ लाख खिशातूनच जायला पाहिजेत असं नाही, ते दुसऱ्या पॉलिसीने दिले तरी चालतात. समजा ॲडमिसिबल ५ लाख झाले, पहिले ३ ऑफिसच्या पॉलिसीने दिले आणि वरचे २ सुपर टॉप-अपने, कागदावर खिशातून काही नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी हे इतकं सुरळीत होईलच असं नाही. दोन कंपन्या वेगळ्या असल्या तर पुष्कळ हॉस्पिटलं एकाच कंपनीचं कॅशलेस करतात, वरचे दोन लाख तुम्ही भरायचे आणि नंतर रिइम्बर्समेंटने मागायचे. म्हणून ॲडमिट होतानाच टीपीए डेस्कला दोन्ही कार्डं दाखवा, दुसऱ्या कंपनीला पण लगेच कळवा, आणि दोन लाखांची सोय हाताशी ठेवा. नंतरच्या क्लेमला पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि हॉस्पिटलकडून शिक्का मारलेल्या बिलांच्या कॉप्या लागतात, ओरिजिनल पहिल्या कंपनीकडे जातात, तेव्हा कॉप्या डिस्चार्जच्या दिवशीच मागून घेतल्या तर परत खेटे पडत नाहीत. पहिल्या पॉलिसीत को-पे म्हणून कापलेले पैसे दुसऱ्या साध्या पॉलिसीकडे मागता येतात, ती कंपनी तिच्या नियमाप्रमाणे वेगळी तपासणी करते. सुपर टॉप-अपकडे मात्र ते मिळणार नाहीत जोपर्यंत वर्षाचा मान्य खर्च तिच्या डिडक्टिबलच्या वर जात नाही.

हिशोब पटला नाही तर काउंटरवर वाद घालून उपयोग नसतो कारण बिलिंगवाल्याच्या हातात काही नाही. टीपीए डेस्ककडून कंपनीला रिकन्सिडरेशन पाठवायला सांगा, कुठली ओळ चुकीची वाटते ते लिहून द्या. पेशंटला जास्त वेळ थांबवणं जमत नसेल तर पैसे भरून पावती घ्या आणि नंतर कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची ऑफिसं आहेत, तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही.

घरी आल्यावरही हिशोब संपत नाही. डिस्चार्जनंतरची औषधं, फॉलोअपच्या तपासण्या, फिजिओ यांची बिलं पॉलिसीप्रमाणे साधारण ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतात, आणि तिथेही हाच फरक चालतो. को-पे असेल तर या बिलांतूनही २०% कापले जातात. वार्षिक डिडक्टिबल असेल आणि ते हॉस्पिटलच्या बिलातच पूर्ण झालं असेल तर ही बिलं मान्य झाली की पूर्ण मिळतात. काकूंच्या डिसेंबरनंतरच्या औषधांची आणि तपासण्यांची मान्य बिलं १५,००० ची झाली तर को-पे वाल्या पॉलिसीत १२,००० येतील, डिडक्टिबल वाल्या पॉलिसीत १५,०००. केमिस्टकडून पेशंटच्या नावाचं बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून, पॉलिसीत दिलेल्या मुदतीत एकत्र पाठवा.